सव्वा ऑक्सिजनचा हिशोब

★☆☆☆☆ «इंदूरहून आणलेला कॉपर ऑक्साइडचा एक्झाफ्स डाटा फिट करायला दिला. ग्राफमध्ये शिखर १.५ अँगस्ट्रॉमवर दिसतंय, रिपोर्टमध्ये अंतर १.९५ लिहिलंय. कॉपरभोवती चार ऑक्सिजन असतात हे बीएस्सीच्या पोरालाही माहीत आहे, यांनी १.२ काढले. चार फिक्स करून द्या म्हटलं तर नकार. पैसे वाया. साताऱ्याहून सांगलीला दोनदा हेलपाटा झाला तो वेगळाच.»

नमस्कार. हेलपाट्याबद्दल आधी माफी मागतो. पहिल्याच दिवशी फोन केला असता तर दुसरी फेरी वाचली असती, आणि तो फोन मी केला नाही.

अंतराचं लवकर आटोपतं. एक्झाफ्स म्हणजे एक्स-रे शोषणाच्या कडेपलीकडे दिसणारी लाट, आणि तुम्ही बघताय तो ग्राफ तिच्या फोरियर ट्रान्सफॉर्मचा आहे. लाटेतल्या साइनच्या आत इलेक्ट्रॉनचा तरंगांक k आणि अंतर R यांचं नुसतं 2kR नसतं, त्यात δ(k) नावाचा फेजही असतो. बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन कॉपरच्या आणि ऑक्सिजनच्या विभवातून जातो, तिथे त्याला हा फेज मिळतो. तो k वाढेल तसा उतरत जातो, म्हणून शिखर खऱ्या अंतराच्या अलीकडे सरकतं. कॉपर-ऑक्सिजन जोडीत हा फरक साधारण ०.४ ते ०.५ अँगस्ट्रॉमचा असतो. फिटमध्ये हा फेज हिशोबात धरलेला असतो, ग्राफमध्ये नसतो. तुमचं १.९५ बरोबर आहे. कॉपर ऑक्साइडच्या स्फटिकात जवळचे चार ऑक्सिजन १.९५ ते १.९६ वरच बसतात.

आता १.२. हा आकडा तुमच्या कॉपरचा नाही, तुमच्या पेलेटचा आहे. लाटेची उंची ठरते ती अशी:

```
χ(k) ~ N · S0² · e^(−2k²σ²) · sin(2kR + δ) / (kR²)
```

बाकीचे घटक सोडून दिलेत, ते इथे वाद घालत नाहीत. N म्हणजे शेजाऱ्यांची संख्या, S0² म्हणजे उंची थोडी कमी करणारा कॉपरचा स्वतःचा गुणक, आणि σ² म्हणजे अंतरातली थरथर. N आणि S0² एकमेकांना चिकटून आहेत, फिटला फक्त त्यांचा गुणाकार कळतो. म्हणून S0² आम्ही कॉपरच्या पत्र्यावरून काढतो. पत्र्यात पहिले शेजारी १२ हे नक्की, ते फिक्स केल्यावर तुमच्याच बीमटाइममधल्या पत्र्याच्या डाटावरून ०.८६ आला. तोच तुमच्या नमुन्याला लावला आणि N मोकळा सोडला, तेव्हा १.२ ± ०.१५ मिळाला.

पत्रा ट्रान्समिशनमध्ये, म्हणजे आरपार गेलेला एक्स-रे बघून, मोजला होता, तुमचा नमुना मात्र फ्लुओरेसन्समध्ये, म्हणजे कॉपरने परत सोडलेला एक्स-रे बघून. ट्रान्समिशनचा रकाना उघडून बघितला तर पेलेटच्या पलीकडे जवळजवळ काहीच पोचलेलं नाही. दुसऱ्या फेरीत तुम्हीच सांगितलं की शुद्ध पावडर शंभरेक मिलीग्रॅम घालून दाबली होती. १३ मिलिमीटरच्या डायला त्यातली सातेक मिलीग्रॅम पुरते.

जाड आणि शुद्ध पेलेट फ्लुओरेसन्समध्ये असं वागतं. आत आलेला एक्स-रे कुठे ना कुठे शोषला जाणारच आहे, आणि शोषणारं जवळजवळ सगळं कॉपरच आहे. लाटेच्या माथ्यावर कॉपर जास्त शोषतो, पण त्यामुळे बीम फक्त कमी खोलवर जातो. एकूण मोजणी फारशी हलत नाही. खड्ड्यात उलट, बीम खोल जातो आणि तूट भरून काढतो. माथे खुजे आणि खड्डे उथळ होतात. याला सेल्फ-ॲब्झॉर्प्शन म्हणतात. बीम आणि डिटेक्टर दोन्ही ४५ अंशांवर धरून, शुद्ध जाड कॉपर ऑक्साइडसाठी मी शोषण-गुणांकांवरून हिशोब केला, तर उंची मूळच्या ०.२९ पट उरते. ४ गुणिले ०.२९ म्हणजे १.२ च्या आसपास. तुमचा सव्वा ऑक्सिजन इथून आला. लाटांच्या माथ्यांच्या जागा यात हलत नाहीत, म्हणून अंतर शाबूत राहिलं.

खात्री करायची असेल तर दोन गोष्टी तुमच्या फाइलमध्येच आहेत. कडेवरचं पहिलं उंच शिखर, ज्याला आपण व्हाइट लाइन म्हणतो, ते तुमच्या नमुन्यात बुटकं आहे. आणि लांबच्या कॉपर-कॉपर शिखरांची उंचीही त्याच प्रमाणात खाली आलीय. खरोखर ऑक्सिजन कमी असते तर आधी कॉपर-ऑक्सिजनचं शिखर बसलं असतं, बाकीची रांग इतकी शिस्तीत एकाच पटीने बसली नसती. म्हणून म्हणतो, या १.२ वर ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचा परिच्छेद लिहू नका. असे पेपर नजरेखालून गेलेत, नावं घेत नाही.

चार फिक्स करायला नकार का दिला, हे तुम्हाला काउंटरवर नीट सांगता आलं नाही. सांगितल्याप्रमाणे मी ते करून बघितलं होतं. N चार धरला की उंची कमी करायला फिटकडे एकच वाट राहते, σ² वाढवायची. तुमच्या नमुन्यात तो ०.०२ च्या वर गेला. इतक्या घट्ट कॉपर-ऑक्सिजन बंधाला खोलीच्या तापमानात ०.००४ च्या आगेमागे σ² शोभतो. शिवाय σ² सगळीकडे सारखा कापत नाही, त्याची धार k बरोबर वाढते. k तीनवर तो तुमच्या लाटेचा पाव हिस्सा खातो, अकरावर जवळजवळ सगळी गिळतो. सेल्फ-ॲब्झॉर्प्शन मात्र सगळीकडे साधारण सारख्याच पटीने कापतं. परिणाम असा की सुरुवातीला फिटची लाट डाटाच्या वर जाते, शेवटी सपाट होते, आणि मधे कुठेतरी छान जुळलेली दिसते. मधल्या भागाचा फोटो रिपोर्टला लावून दिला असता तर तुम्ही खूश होऊन गेला असता, आणि परीक्षकाने तुम्हालाच पकडलं असतं.

मग ०.२९ ने भागून चार का लिहिले नाहीत? तशी दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यातून ४.१ येतोही. पण तिला आधी नमुन्याची घडण सांगावी लागते. शुद्ध CuO आहे असं आपणच सांगायचं आणि मग चार ऑक्सिजन सापडले म्हणून आनंद मानायचा, याला मोजमाप म्हणत नाहीत.

आमची चूकही सांगतो. सेल्फ-ॲब्झॉर्प्शनचा शेरा चौथ्या पानावर, एका ओळीत दडलेला होता. तो आकड्याला चिकटून हवा होता. ± ०.१५ मध्ये फक्त गोंगाटाची अनिश्चितता होती, पेलेटची नव्हती, आणि ते कुठेच म्हटलं नव्हतं. एकट्या त्या ± मुळे १.२ हा पक्का आकडा वाटला असेल, हे मान्य. फॉर्मवर आता «पेलेटमध्ये किती मिलीग्रॅम घातलं?» हा प्रश्न पहिला आहे.

उरलेली पावडर असेल तर पाठवा. वस्त्रगाळ करून, ७ मिलीग्रॅम शंभर मिलीग्रॅम सेल्युलोजमध्ये नीट खलून इथल्या प्रेसवर दाबून देतो. कण मोठे राहिले किंवा पेलेटमध्ये छिद्रं पडली तर ट्रान्समिशनमध्येही उंची दबते, म्हणून खलण्यात घाई नको. पुढच्या बीमटाइमला हे पेलेट ट्रान्समिशनमध्ये मोजा, सोबत पत्रा ठेवा. त्या डाटाच्या फिटचे पैसे घेणार नाही. आणि पावडर कुरिअरने चालेल, सांगलीला येऊ नका.