लिफ्ट वापरू. नका जिना वापरा.

आमच्या ऑफिसात फायर ड्रिलची अनाउन्समेंट आत्तापर्यंत अ‍ॅडमिनचे सर स्वतः माइकवर करायचे, आणि ते इतके घाईत बोलायचे की शेवटच्या वाक्यापर्यंत लोकांना वाटायचं कुणाची तरी गाडी चुकीच्या जागी लागलीय. म्हणून या वेळी ठरलं की रेकॉर्डेड आवाज वापरायचा, कॉम्प्युटरचा, म्हणजे शांत, स्पष्ट वगैरे. काम माझ्याकडे आलं कारण मी एकदा चुकून बोलून गेले होते की मला मराठी टायपिंग येतं. "पाच मिनिटांचं काम आहे, मजकूर तयारच आहे," सर म्हणाले. मजकूर तयार होता खरा, पण तो पीडीएफमध्ये होता, दोन कॉलममध्ये, आणि तिथेच माझे पुढचे तीन दिवस गेले.

मी पीडीएफमधून कॉपी केलं, टेक्स्ट टू स्पीचच्या चौकटीत पेस्ट केलं, बटण दाबलं. आणि एक अतिशय गोड, समजूतदार बाईचा आवाज मला ठामपणे म्हणाला, "लिफ्ट वापरू." मग छान थांबली. श्वास घेतल्यासारखं केलं. आणि पुढे म्हणाली, "नका जिना वापरा."

मी तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा तिला लिफ्टच वापरायची होती.

झालं असं होतं की पीडीएफला वाक्य नावाची गोष्ट माहीतच नसते, तिला फक्त कुठली ओळ कागदावर कुठे छापायची तेवढं माहीत असतं. कॉलम अरुंद, त्यामुळे "वापरू" ओळीच्या टोकाला आणि "नका" खालच्या ओळीत. कॉपी करताना प्रत्येक ओळीच्या शेवटी एक एंटर सोबत आला, आणि माझ्या टूलचा समज असा की एंटर म्हणजे वाक्य संपलं. सगळी टूल्स असं करत नाहीत, काहींना एकटा एंटर म्हणजे नुसती स्पेस वाटते आणि एक अख्खी ओळ रिकामी सोडली तरच ती नवा परिच्छेद मानतात, त्यामुळे तोच मजकूर एकीकडे घडाघडा वाचला जातो आणि दुसरीकडे अडखळतो. आपलं टूल कुठल्या जातीचं ते बघायला सोपं आहे, एका साध्या वाक्याच्या मधोमध एंटर मारायचा आणि ऐकायचं. नुसती थांबली तर एक वेळ ठीक, पण थांबताना आवाज खाली उतरला, म्हणजे आपण विधान संपवताना उतरवतो तसा, तर तिने तिथे पूर्णविराम धरलाय.

मग मी सगळे एंटर फाइंड-रिप्लेसने उडवून स्पेस टाकली. सगळे म्हणजे खरोखर सगळे, जे परिच्छेदांच्या मधले खरे होते तेसुद्धा. (आधी दोन सलग एंटरच्या जागी काहीतरी खूण टाकून ठेवायची, मग एकटे उडवायचे, मग खूण परत बदलायची. हे मला नंतर सुचलं.) मूळ मजकुरात पूर्णविराम जवळजवळ नव्हतेच कारण ज्याने लिहिला त्याने ओळ संपली की मुद्दा संपला असं धरलेलं. परिणाम असा की बाई आता एका दमात "कृपया लक्ष द्या" पासून "मोकळ्या जागेत जमा व्हा" पर्यंत पळत गेली. थेट आमचे सरच.

शेजारच्या टेबलवरची मैत्रीण हे सगळं ऐकत होती, ऐकल्याशिवाय इलाज नव्हता तिला. ती म्हणाली, "अगं कॉमा टाक की."

टाकले. जिथे जिथे मला श्वास घ्यावासा वाटला तिथे तिथे टाकले. "सर्वांनी, शांतपणे, रांगेत, जिन्याने, खाली, उतरावं." ऐकल्यावर कळलं की ही सूचना राहिली नाही, ही वाण्याची यादी झाली. सर्वांनी एक किलो, शांतपणे अर्धा किलो.

आणि इथे मला या प्रकरणातली खरी गोष्ट कळली, जी मी तोपर्यंत उलटी समजत होते. मला वाटायचं कॉमा म्हणजे शांतता, लहान कॉमा लहान शांतता, पूर्णविराम मोठी शांतता, संपलं. पण हे आवाज माणसांची तासन्‌तास रेकॉर्डिंग ऐकून शिकलेले असतात, आणि माणूस कॉमापाशी नुसता थांबत नाही. तो कॉमाच्या आधीचं अक्षर किंचित लांबवतो आणि बहुतेक वेळा सूर थोडा वर ठेवतो, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की थांब, अजून आहे. ती शांतता बिचारी या चालीच्या मागून येते. त्यामुळे मी शांततेसाठी म्हणून कॉमा टाकला की शांतता मिळायची वाटाणाभर आणि सोबत "अजून आहे, अजून आहे" ही चाल मिळायची पोतंभर. पाच कॉमांत पाच वेळा सूर वर. आग लागलेली असताना असं कुणी बोललं तर मी तरी खाली उतरणार नाही, पुढे काय म्हणतेय ते ऐकत बसेन.

मग वाटलं, एका कॉमाने भागत नाही तर तीन टाकू. तीन कॉमांनी काहीच फरक पडला नाही. टूल मजकूर वाचायच्या आधी साफसफाई करतं आणि माझ्याकडे तरी तिन्हींचा एक झाला. मग तीन टिंबं टाकली. ती मात्र चालली, फार चालली. "घाबरू नका… ही फक्त… तालीम आहे…" अशा आवाजात की तालीम नाहीये हे तिला माहितीये पण आपल्याला सांगायला तिचा जीव होत नाहीये. मैत्रीण म्हणाली, हे ऐकून मीच रडेन.

त्यात आणखी एक गंमत, तोच मजकूर, तेच कॉमे, परत बटण दाबलं तर थांबे वेगळे. मी ऑडिओ एडिटरमध्ये आवाजाच्या लाटा उघडून मोजलं, एकाच कॉमाला एकदा पाव सेकंदाच्या आत उरकलं होतं आणि पुढच्या वेळी जवळजवळ अर्धा सेकंद. म्हणजे कॉमा हा आदेश नाहीच, ती विनंती आहे. ऐकली तर ऐकली.

आदेश द्यायची सोयही असते, एसएसएमएल म्हणतात, त्यात थांबा मिलिसेकंदात लिहिता येतो:

```
<speak>
लिफ्ट वापरू नका. <break time="800ms"/>
जिना वापरा.
</speak>
```

मी हे मोठ्या उत्साहाने चौकटीत चिकटवलं. ती चौकट साध्या मजकुराची होती. बाईने "लिफ्ट वापरू नका" म्हटलं आणि तितक्याच समजूतदारपणे पुढे "ब्रेक टाइम आठशे एमएस" म्हटलं. एसएसएमएलसाठी वेगळा मोड निवडावा लागतो, तो असतो तिथे हे नीट चालतं, आणि मी निवडलेल्या आवाजाला तो मोडच नव्हता. दुसऱ्या एका आवाजाला होता, पण तो आवाज "जिन्याने" हे "जिन् याने" म्हणायचा. याने म्हणजे कुणाने, असा प्रश्न इमारत रिकामी करताना नको.

मधल्या मधे टिंबांनीही छळलं. "जिना क्र. २" मधल्या क्र. नंतरचं टिंब तिला पूर्णविराम वाटलं. "जिना क्र." (सुस्कारा) "दोन." आणि "मजला ३,४" असं स्पेस न सोडता लिहिलेलं होतं, ते तिने हजारातला स्वल्पविराम असतो तसं समजून गाळलं आणि "मजला चौतीस" म्हणाली. आमची इमारत पाच मजली आहे. दोन्ही ठिकाणी उपाय एकच, चिन्हांवर विसंबायचं नाही, बोलायचं तसं अक्षरात लिहायचं: "जिना क्रमांक दोन", "मजला तीन आणि चार". स्क्रिप्ट दिसायला बावळट दिसते पण ती बघायला कोण येणारे.

तिसऱ्या दिवशी मी सगळं खोडून वाक्यंच बदलली. इतका वेळ मी एका लांब वाक्यात कॉमे खुपसून थांबे शोधत होते, त्याऐवजी वाक्य तोडलं. "सर्वांनी शांतपणे रांगेत जिन्याने खाली उतरावं" याचं झालं "जिन्याने उतरा. रांगेत उतरा. धावू नका." पूर्णविरामापाशी सूर खाली येतो, वाक्य बसल्यासारखं वाटतं, आणि थांबाही कॉमापेक्षा मोठा मिळतो, फुकट. कॉमा शेवटी एकच उरला, "ही तालीम आहे, घाबरू नका" इथला, कारण तिथे मला खरंच ती "अजून आहे" चाल हवी होती. लिफ्टचं वाक्य स्वतःच्या ओळीवर एकटं ठेवलं, वर-खाली रिकामी ओळ, पूर्णविरामासकट, म्हणजे एंटरवाल्या टूलमध्ये टाका नाहीतर बिनएंटरवाल्या, तुटलं तर बरोबर जागीच तुटेल.

एवढं करूनही थांबे इमारतीसाठी पुरेनात. हेडफोनवर छान वाटणारा अर्धा सेकंद जिन्यात वाजवून पाहिला तर प्रतिध्वनीने गिळून टाकला, आधीच्या वाक्याची शेपूट पुढच्याच्या डोक्यावर. तेव्हा मी आधी एक चूक केली, प्रत्येक वाक्य वेगळं वेगळं तयार करून जोडलं. बाई प्रत्येक वाक्याला नव्याने उगवली. प्रत्येक वाक्य पहिलंच असल्यासारखं ताजंतवानं, एक जरा उंच पट्टीत, एक झोपाळू, सात बहिणी आळीपाळीने बोलतायत असं. म्हणून परत अख्खी स्क्रिप्ट एका दमात तयार केली आणि एडिटरमध्ये पूर्णविरामांपाशी जी शांतता आधीच होती तिच्या मधोमध आणखी शांतता घातली, एकेक सेकंदाची. मधोमध, कारण अगदी शब्दाला चिकटून कापलं तर शेवटच्या अक्षराचा विरत जाणारा भाग कापला जातो आणि बाईचं तोंड कुणीतरी दाबल्यासारखं ऐकू येतं. "कृपया लक्ष द्या" नंतर मी जास्त दिली, पूर्ण दोन सेकंद, म्हणजे लोकांना मान वर करायला वेळ मिळेल. हा माझा खास टच होता.

ड्रिलच्या दिवशी अकरा वाजता स्पीकर खरखरले. बाई म्हणाली, "कृपया लक्ष द्या." आणि थांबली. सगळा मजला गप्प, कीबोर्डसुद्धा थांबले, मी मनात एक, दोन मोजत होते, आणि त्या दोन सेकंदांत अकाउंट्सच्या कोपऱ्यातून एक काका वर स्पीकरकडे बघून अगदी आदराने म्हणाले,

"हं, बोला."

पुढची पूर्ण अनाउन्समेंट, लिफ्ट, जिना, तीन दिवसांचे सगळे पूर्णविराम, हसण्यात बुडाली. उतरले मात्र सगळे जिन्याने. लिफ्ट बंद होती.