एका ताऱ्याच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: "दोन कॉलमचा इतका देखणा रेझ्युमे दिला होता, तो साध्या टायपिंगसारखा करून परत दिला. दहा मिनिटांचं कॉपी-पेस्ट, त्याला चार दिवस! वर नोकरीच्या साइटवर टाकला तर नाव आणि फोनचे रकाने रिकामेच. पैसे पाण्यात."

नमस्कार. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल माफी मागतो. अर्जाच्या घाईत रिकामे रकाने पाहून कुणीही वैतागेल. पण "दहा मिनिटांचं कॉपी-पेस्ट" हे शब्द जिव्हारी लागले. उद्या येणारा ग्राहक आधी तेच वाचणार, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या पीडीएफमध्ये डावीकडे कौशल्यं होती आणि उजवीकडे अनुभव. माणूस एक कॉलम संपवून दुसऱ्याकडे वळतो. नोकरीच्या साइटवर रेझ्युमे वाचून रकाने भरणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे एटीएसला, मात्र कॉलम कळतोच असं नाही. बऱ्याचदा एका उंचीवरचे शब्द एकच ओळ धरून आडवे वाचले जातात. तशा फाइलमधून हाती येतं ते असं (मजकूर नमुन्याचा आहे, तुमचा नाही):

```
SKILLS EXPERIENCE
Excel Senior Accountant
Payroll 06/2021 - 03/2024
```

म्हणजे हुद्द्याला Excel चिकटलं आणि नोकरीच्या तारखा Payroll च्या झाल्या. काही सॉफ्टवेअर तर डिझाइन करताना जी चौकट आधी टाकली तीच आधी वाचतात, त्यामुळे नाव शेवटीसुद्धा येऊ शकतं. म्हणून प्रत्येक ओळ कुठल्या कॉलममधली हे मूळ फाइल शेजारी ठेवून वेगळं काढावं लागतं. मग नाव, संपर्क, अनुभव, शिक्षण, कौशल्यं असं सगळं एकाखाली एक लावायचं, आणि प्रत्येक नोकरीत हुद्दा, संस्था, तारखा हा क्रम कुठेही बदलू द्यायचा नाही.

तुमच्या डाव्या पट्टीतला मजकूर तर मजकूर नव्हताच. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे आकार करून टाकले होते. अशी अक्षरं डोळ्यांना स्वच्छ दिसतात, पण माउसने निवडता येत नाहीत, मग कॉपी काय करणार? चित्रावरून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर वापरता येतं, पण ईमेलमधला 1 आणि l त्यात सहज बदलतो. म्हणून ती पट्टी हाताने टाइप केली आणि दोनदा ताडून पाहिली. कौशल्यांपुढे पाचपैकी चार भरलेले ठिपके होते, तेही शब्दांत लिहावे लागले, कारण ठिपक्यातून असं सॉफ्टवेअर सहसा "चांगलं" असा अर्थ काढत नाही.

आता चार दिवसांचा हिशेब. मसुदा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमच्याकडे आला होता. सोबत एकच प्रश्न होता: दोन नोकऱ्यांपुढे फक्त वर्षं आहेत, महिने कोणते? तुमचं उत्तर चौथ्या दिवशी सकाळी आलं आणि पक्की फाइल त्याच दुपारी गेली. महिने आम्ही मनाने घातले असते तर दोन दिवस वाचले असते, पण तुमच्या रेझ्युमेत खोटी तारीख गेली असती. तुम्ही कामात असाल, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त ते दोन दिवस आमच्या नावावर टाकू नका, एवढंच.

राहिला फोन. तक्रारीसोबत जोडलेल्या फाइलमध्ये नाव आणि फोन वर्डच्या हेडरमध्ये आहेत. आमच्या फाइलमध्ये ते पानाच्या मुख्य मजकुरात, पहिल्या दोन ओळींत होते. एका पानात बसवण्यासाठी वर सरकवले असावेत. कागदावर फरक दिसत नाही, पण वर्डमध्ये हेडर मुख्य मजकुरापासून वेगळा साठवला जातो आणि काही एटीएस तो वाचतच नाहीत. स्वतः पाहायचं असेल तर फाइल वर्डमध्ये उघडा, मजकुरात क्लिक करून Ctrl+A, Ctrl+C करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. नाव-फोन तिथे येणार नाहीत. आम्ही दिलेल्या फाइलवर हेच केलंत तर पहिली ओळ तुमच्या नावाची असेल. जागा कमी पडत असेल तर समास थोडे कमी करा किंवा दुसऱ्या पानावर जा. हेडरला हात लावू नका. ही सूचना आम्ही फाइलसोबत द्यायला हवी होती, ती दिली नाही, ही चूक आमची. यापुढे अशा गोष्टी आधी सांगत जाऊ, वेळेचंही नीट सांगू.

देखणा रेझ्युमे आम्ही टाकून द्यायला सांगितलेला नाही. मुलाखतीत हातात द्यायला, ओळखीच्या माणसाला थेट मेल करायला तोच ठेवा. साधा फक्त साइटवर अपलोड करायला. हेडरवाली फाइल पाठवलीत तर नाव-फोन परत खाली आणून त्याच दिवशी देतो, त्याचे पैसे नाहीत. आणि तारखांबद्दल लिहिलेलं पटलं, तर अभिप्रायातला "चार दिवस" तेवढा बदलता आला तर पाहा.