कोरड्या हातांची साधना

उन्हात घाम आला तर माणूस कष्टाळू ठरतो. गार खोलीत बसल्या बसल्या तळहातांना घाम फुटला, की ‘याने नक्की काहीतरी केलंय’ असा सगळ्यांचा ग्रह होतो. मी काहीही केलेलं नाही. तरी हस्तांदोलन झाल्यावर समोरचा माणूस हात हळूच पँटला पुसतो आणि ठसा घेणारं यंत्र माझ्या बोटाला ओळख दाखवत नाही. फॉर्म भरताना मनगटाखाली रुमाल धरावा लागतो, नाहीतर माझं आडनाव कागदावर तरंगायला लागतं. त्यात कुणी मायेने विचारतं, “अरे, घाबरलास का?” एवढं ऐकलं की उरलेल्या घामालाही वाट मोकळी होते.

त्वचेच्या डॉक्टरीण बाईंनी मला बरं वाटेल असं एक सांगितलं: ग्रंथींमध्ये दोष नाही. घर्मग्रंथींची सगळ्यात जास्त दाटी तळहात-तळपायांवरच असते आणि तिथला घाम उकाड्यापेक्षा मनावरच्या ताणाचं जास्त ऐकतो. माझ्या मज्जातंतूंकडून ग्रंथींना हुकूम जरा जास्तच सुटतात, एवढंच. मग त्यांनी विचारलं, “झोपेत हात कोरडे असतात का?” मला काय ठाऊक, मी झोपलेला असतो! घरच्यांनी साक्ष दिली की असतात. लहानपणापासूनचा, दोन्ही हातांना सारखा आणि झोपेत थांबणारा घाम म्हणजे बहुधा हाच जन्माचा सोबती. बऱ्याचदा तो घराण्यातही चालत येतो. तोच मोठेपणी अचानक सुरू झाला, एकाच बाजूला आला, रात्री अंथरूण भिजवू लागला, किंवा जोडीला वजन घटणं नि छातीत धडधड असेल, तर थायरॉइडपासून चालू गोळ्यांपर्यंत सगळं तपासावं लागतं.

पहिलं औषध अँटिपर्स्पिरंट. डिओडरंट नव्हे, ते वासाशी भांडतं, घामाला हात लावत नाही. अँटिपर्स्पिरंटातला ॲल्युमिनियम क्लोराइड घामाच्या नळीच्या तोंडाशी बूच बसवतो. काखेला चालतं ते तळहाताच्या जाड कातड्याला पुरत नाही, म्हणून २० टक्के किंवा त्याहून तीव्र द्रावण डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचं. आता खरी गंमत. ते पूर्ण कोरड्या हातांना लावायचं असतं! ओल्या त्वचेवर त्यातून थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि हात चुरचुरतात. म्हणजे कोरड्या हातांचं औषध मिळवायला आधी हात कोरडे हवेत. आणि ‘आता घाम येता कामा नये’ असं मनात आणलं की लगेच तो हजर.

यावरचा तोडगा म्हणजे रात्र. हात धुवून अर्धा तास विसरून जायचं, मग पुसून हेअर ड्रायरची गार हवा द्यायची, झोपायच्या अगदी आधी पातळ थर लावायचा, तो वाळू द्यायचा आणि सकाळी धुवून टाकायचा. घाम झोपेत बंद असल्यामुळे बूच निवांत बसतं. गुण येईपर्यंत रोज रात्री, पुढे आठवड्यातून एक-दोनदा. चिरा किंवा पुरळ असेल तिथे लावायचं नाही. तळपायांचाही विधी हाच. शिवाय बूट आलटून-पालटून वापरायचे, कारण ओल्या मोज्यांत जंतू मुक्काम ठोकतात, आणि मग बूट काढताच पाहुण्यांना घरी जायची आठवण होते.

तेवढ्याने भागलं नाही, म्हणून आयन्टोफोरेसिस. नाव भारदस्त, काम साधं: नळाचं पाणी भरलेल्या दोन ट्रेमध्ये एकेक तळहात ठेवायचा आणि पाण्यातून सौम्य वीज, साधारण १५ ते २० मिलिअँपिअर, वीस-तीस मिनिटं सोडायची. अंगठ्या काढायच्या, ओरखड्यांवर पेट्रोलियम जेली लावायची. पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी या वाटेला जायचं नाही. मुंग्या येतात, पण खरा छळ नाकाचा. एरवी दिवसभर गप्प असलेलं नाक दोन्ही हात गुंतले की नेमकं खाजतं. आठवड्यातून तीनदा बसल्यावर काही आठवड्यांत फरक दिसतो. पुढे आठवड्याला एखादी बैठक चालू ठेवावी लागते. सोडलं की घाम परत येतो.

पुढच्या पायऱ्या मला फक्त समजावून सांगितल्या. बोटुलिनम विषाची इंजेक्शनं काही महिने घाम रोखतात, पण तळहातात सुई दुखते आणि पकड तात्पुरती सैल होऊ शकते. गोळ्यांनी घामाबरोबर तोंडही कोरडं पडतं. शेवटी छातीतल्या सिम्पथेटिक मज्जातंतूची शस्त्रक्रिया. हात कोरडे होतात, पण बऱ्याच जणांना पाठ, पोट, मांड्या यांवर वाढीव घाम सुटतो आणि तो बदल सहसा परत फिरवता येत नाही. हे ऐकून मी “विचार करून सांगतो” म्हणालो आणि खुर्चीच्या दांड्यांवरचे हात उचलले. बाईंनी न बोलता टिश्यूचा डबा पुढे सरकवला, दांडे पुसायला.