पत्ते कुटणे आणि वनस्पतींचे वर्गीकरण: एका प्रतिक्रियेला उत्तर

वनस्पतींचं वर्गीकरण शिकवायला मी पत्त्यांचा एक खेळ लिहिला होता: संज्ञेचं पान तिच्या खुणेच्या पानाशी जुळवायचं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

“सर, पत्ते कुटून धडा पाठ झाला असता तर आमच्या गावचा पार बोर्डात पहिला आला असता. पान जुळलं की दोन गुण, त्यात समजलं कुठे? वर चुकलं की उणे एक, म्हणजे कच्ची मुलं तोंडच उघडणार नाहीत. आणि २४ पानं म्हणता, यादीत २५ आहेत.”

पानं २५च. बारा संज्ञा, बारा खुणा आणि एक बुरशी. मोजताना बुरशी राहिली, चूक माझी. दुरुस्त केली, आभार.

आता पाराचं. आषाढात लाइट गेली की आमच्या पडवीत कंदिलाशी गुलामचोर मांडला जाई. बाबा प्रत्येक जोडीला विचारत, “का रे टाकलीस?” तिथून हा खेळ आलाय. बावीस वर्षं नववीला विज्ञान शिकवतोय. पत्ते कुटणं कशाला म्हणतात ते मला शिकवायची गरज नाही.

दोन गुण नुसत्या जुळण्याचे नाहीतच, नियम परत वाचा. पाच जणांना पाच-पाच पानं. शेजाऱ्याच्या हातातलं एक न बघता ओढायचं, जोडी झाली तर खाली टाकायची आणि कारण स्वतःच्या वाक्यात सांगायचं. मग दोन गुण. कारण चुकीचं वाटलं तर कुणीही हरकत घ्यावी: खरी ठरली तर हरकतवाल्याला एक, जोडी परत हातात आणि टाकणाऱ्याला उणे एक.

बुरशी आमचा गुलाम, तिला जोडीच नाही. गेल्या आठवड्यात एकाने तिच्यावर खूण टाकली: ‘मूळ, खोड, पान असं काही नाही, अन्न स्वतः बनवते.’ पहिला भाग ऐकून सगळे गप्प. मग एक मुलगी म्हणाली, “पावसात चपलेवर येते ती बुरशी अन्न कुठे बनवते? चप्पलच खाते की!” ती खूण थॅलोफायटाची, म्हणजे शेवाळाची. हरकत झाली नसती, तर शेवटी बुरशीऐवजी थॅलोफायटाचं पान उरलं असतं. भलतंच पान उरलं की समजायचं, कुठेतरी खोटी जोडी खपली. सगळ्या जोड्या उलगडून शोधायची. समजलं कुठे, ते इथे.

खरा खोडा खुणेत असतो, त्यावर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. माझ्या पहिल्या संचात ‘बी येत नाही’ एवढीच खूण होती. ती गडग्यावरच्या मॉसलाही लागते आणि विहिरीतल्या नेच्यालाही. अर्धा तास नुसती भांडणं. आता ‘बी नाही, पण पाणी वाहून नेणाऱ्या ऊती आहेत’ असं लिहितो, मग फक्त नेचं उरतं. प्रत्येक खूण बाराही संज्ञांना लावून बघायची. दोघींना लागली तर बदलायची.

उणे एकाचं म्हणाल, तर तो एक गुण आहे, फाशी नव्हे. तरी शनिवारी एक डाव उण्याशिवाय मांडून बघणार आहे. तुम्ही सांगितलंत म्हणून नव्हे.