कुलूप उघडणं वेगळं, किल्ली बदलणं वेगळं

गेल्या महिन्यात आईचं नेट बँकिंग लॉक झालं. ती सांगलीत, मी पुण्यात. घरपट्टी भरायला बसली, तीनदा पासवर्ड चुकला आणि स्क्रीनवर एवढंच आलं: 'Your user ID is locked'. पुढे काय करायचं, यावर एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाखेत गेली. फॉर्म, पासबुक, आधारची झेरॉक्स दिली. सही जुळेना. नमुना सही वीस वर्षांपूर्वीची, हात आता ७१ वर्षांचा. चारदा सही करून घेतली, मग साहेबांची मंजुरी. "उद्या चालू होईल." झालंही. आई पुन्हा लॉगिन करायला गेली आणि दोन दिवसांत पुन्हा लॉक!

मी घरी गेल्यावर कारण कळलं. दोन महिन्यांपूर्वी तिने पासवर्ड बदलला होता, पण कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये जुनाच सेव्ह होता. रकाना काळ्या ठिपक्यांनी आपोआप भरायचा, आई फक्त लॉगिन दाबायची. शाखेने लॉक काढलं होतं, पासवर्डला हातच लावला नव्हता.

मग डेबिट कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन केला. (गुगलवर कस्टमर केअर शोधू नका, तिथे भामट्यांचे नंबर असतात. फोनवरचा माणूस ओटीपी विचारू लागला तर फोन ठेवा.) फोन बँकिंगचा टी-पिन कीपॅडवर टाकला, जन्मतारीख सांगितली, दहा मिनिटांत लॉक निघालं. नवा पासवर्ड मागितला तर ती मुलगी म्हणाली, "काकू, तुमचा पासवर्ड आम्हाला दिसत नाही, तो तुम्हालाच बदलावा लागेल." बरोबरच होतं तिचं. आणि दोन महिन्यांपूर्वी बदललेला पासवर्ड आईला धड आठवत नव्हता.

शेवटी ॲपमधून 'Forgot Password'. युजर आयडी, ओटीपी, डेबिट कार्डाचा नंबर, एक्सपायरी, एटीएम पिन. पाच मिनिटांत नवा पासवर्ड. लॉक असतं तर तेही यातच निघालं असतं. पण यासाठी बँकेत नोंदवलेला मोबाईल हातात हवा आणि कार्ड चालू हवं. नंबर बंद पडला असेल तर आमच्या बँकेत शाखेशिवाय इलाज नाही.

म्हणजे पासवर्ड नक्की आठवत असेल तर फोन पुरे. बऱ्याच बँकांत तर दुसऱ्या दिवशी लॉक आपोआप निघतं. आठवत नसेल तर रीसेटच हवा. आणि यूपीआयचा पिन वेगळा असतो. आईचं यूपीआय त्या सगळ्या दिवसांत चालू होतं, घरपट्टी पहिल्याच दिवशी भरता आली असती!

हे सगळं त्या लॉकच्या संदेशाखाली दोन ओळींत मराठीत लिहायला काय हरकत आहे? ७१ वर्षांच्या बाईला रिक्षाने शाखेत हेलपाटे घालायला लावणं मला मान्य नाही. बँकेला तसं लेखी कळवलं आहे. ब्राउझरमधला जुना पासवर्ड मात्र त्याच संध्याकाळी पुसून टाकला.