उजवी म्हणजे कुणाची उजवी?

भाच्याने माझ्या फोनमधली "फालतू जागा" मोकळी करून दिली आणि त्यात हॉलच्या स्विचबोर्डमागच्या वायरिंगचा फोटो गेला. ट्रॅशसुद्धा रिकामा केला त्याने, म्हणे मामा काम अर्धवट ठेवायचं नाही. पेंटरसाठी बोर्ड सोडवून, फोटो काढून वायरमन गावाला लग्नाला गेलेला, आणि पेंटरने त्याचं काम उरकून वायरी भिंतीतून लोंबत ठेवलेल्या.

वायरमनला फोन लावला. म्हणाला फोटो टाका. म्हणलं नाहीये. मग म्हणाला बोला.

बोललो की! दोन लाल, एक काळी, एक हिरवी. "दोन्ही लाल एकाच स्क्रूत होत्या का वेगवेगळ्या?" आता हे कुणाला आठवतं? एकाच स्क्रूत असतील तर एक फेज आणायची आणि दुसरी तोच फेज पुढच्या स्विचला न्यायची, म्हणजे दोन्ही कायम जिवंत. वेगवेगळ्या असतील तर एक कायम जिवंत आणि दुसरी फक्त स्विच चालू केल्यावर. फोटोत हे एका नजरेत दिसलं असतं, पण "दोन लाल" हे शब्द दोन्हीकडे फिट बसतात.

मग सॉकेट. "फेज उजवीकडे." माझ्या हातात प्लेट उलटी, कारण वायरी मागूनच लावायच्या ना. समोरून बघितलं, मोठं भोक वर धरलं, की फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे. मागून बघितलं की सगळं उलट. मागे L आणि N लिहिलेलं असतं म्हणे, आमच्या पेंटरने तिथेही डिस्टेंपर मारलेला. आणि बरं, उलट जोडलं तरी मिक्सर झकास फिरतो, कुणाला पत्ता लागत नाही, फक्त मिक्सरचं स्वतःचं बटण मग फेजऐवजी न्यूट्रल तोडतं आणि बटण बंद असताना आतलं सगळं जिवंतच राहतं.

हे चाललेलं असताना दार उघडं बघून समोरचे काका आले. बँकेतून रिटायर झालेत, पण वीज हा त्यांचा विषय आहे. पाणी, ट्रॅफिक आणि माझं वजन हेही त्यांचेच विषय आहेत. "अरे काळ्याला करंट नसतो, बिनधास्त धर," ते म्हणाले. स्पीकरवरून वायरमन ओरडला, "साहेब, धरू नका! लाल वायर संपली की लोक स्विचपासून दिव्यापर्यंत काळीच टाकतात."

काकांना ते लागलं. त्यांनी खाली जाऊन मेन पाडला, स्वतःचा तापकीर गल्लीतला टेस्टर आणला, आणि "सेफ्टी" म्हणून मला प्लास्टिकच्या स्टुलावर चढवलं. टेस्टर लावला. काही नाही. "बघ! मेलेली आहे, जोड."

"घरात इन्व्हर्टर आहे का?" फोनमधून.

"त्याचा काय संबंध," काका म्हणाले, "तो चांगल्या कंपनीचा आहे."

"काका, मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, तो फॅन-ट्यूबच्या लाईनला सप्लाय देत बसतो. साहेब, स्टुलावरून उतरून टेस्टर लावा."

उतरलो, लावला, आणि पेटला. टेस्टरचा तो दिवा आपल्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर लागतो, प्लास्टिकवर उभं राहिलं की नुसता मिणमिणतो आणि खिडकीतल्या उजेडात तेवढाही दिसत नाही. मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "मग गुरुवारी कर, तेव्हा एमएसईबीची लाईट जातेच." फोनमध्ये बराच वेळ शांतता.

मग वायरमन म्हणाला, काहीही जोडू नका. मेन बंद, इन्व्हर्टरचंही बटण बंद, टेस्टर आधी शेजारच्या घरातल्या चालू सॉकेटवर तपासून घ्या, मग वायरींना लावा, शेवटी परत त्याच चालू सॉकेटवर, म्हणजे मधेच टेस्टर मेला नाही हे कळतं. आणि प्रत्येक टोकाला वेगळी टेप, हिरवीला पण. बास.

मी म्हणलं, अरे तासभर वर्णन करतोय, एवढंच? म्हणाला, "मला जे बोर्ड दिसतंय ते तुमचं नाहीये, साहेब. फोटोवर सांगितलं असतं. ऐकून सांगितलं आणि तुमची उजवी माझी डावी निघाली तर?"

राग आला खरं सांगतो. मी अख्खं आयुष्य ऑफिसात रिपोर्ट लिहिले, आणि चार वायरींवर माझ्या शब्दाला किंमत नाही! पण टेपा लावल्या. चार दिवस हॉलमध्ये पंखा नाही, टीव्ही नाही, पुण्यातला मे महिना, आणि भाचा विचारतोय मामा, लॅपटॉप पण साफ करून देऊ का.

रविवारी वायरमन आला, प्रत्येक वायर मीटरने तपासली, जोडली, व्हिजिटचे पैसे वेगळे घेतले. दोन लालपैकी एक भलतीकडेच, गॅलरीच्या दिव्याला जात होती, जे माझ्या वर्णनात कुठेच नव्हतं कारण मला माहीतच नव्हतं. काका शेजारी उभे राहून "मी म्हणलंच होतं" म्हणत होते. काय म्हणलं होतं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही, कारण मग चहा करावा लागला असता.