किट लपवा, अडीच हजार वाचवा

गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलंत ना? मग ही बातमी विमा कंपनीपर्यंत पोहोचणार नाही एवढं बघा. सोसायटीत सांगा, ऑफिसात सांगा, किलोमीटरला किती पडतं याचा हिशेब घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये शेजारी बसलेल्या मेहुण्याला दोनदा ऐकवा. फक्त पॉलिसीवरचं 'पेट्रोल' तेवढं तसंच राहू द्या.

कारण त्यात पैसे वाचतात. किट पन्नास हजारांचं धरा. विम्याच्या जुन्या दरपत्रकापासून चालत आलेला दर किमतीच्या ४ टक्के, म्हणजे २,००० रुपये. थर्ड पार्टीचे वर ६०. १८ टक्के जीएसटी मिळवला की झाले वर्षाचे २,४३१ रुपये. किट वर्षाच्या मध्येच बसवलं असेल तर फक्त उरलेल्या दिवसांचे, म्हणजे आणखी कमी. एवढी रक्कम हातची का घालवायची?

सुरुवात फिटरपासूनच करा. मान्यताप्राप्त फिटर तुमच्या मॉडेलसाठी मंजूर असलेलंच किट बसवतो आणि किटचा नि सिलिंडरचा नंबर घालून पक्कं बिल देतो. असा माणूस दिसला की रस्ता बदला. त्याच्या कागदांवर आरटीओ गाडी तपासून आरसीवर 'पेट्रोल/सीएनजी' अशी नोंद करून टाकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली ही नोंद करणं मालकाचंच काम आहे म्हणे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्रही लागतं. आणि एकदा नवी आरसी हातात आली की पॉलिसीत एन्डॉर्समेंट, म्हणजे बदलाची नोंद, करून घ्यायला कंपनीला आरसी आणि बिल पाठवून फरक भरला की झालं. फार तर गाडी बघायला कोणी येईल. इतकं सोपं काम करण्यात काय मजा?

थोडी हौस असेल तर अर्धंच करा. आरसीवर नोंद करून घ्या आणि नूतनीकरणाला मागच्या वर्षीची माहिती जशीच्या तशी पुढे ढकला. फॉर्मवर 'बाहेरून बसवलेलं किट आहे का, किंमत किती' असा एक चौकोन असतो. तो रिकामा सोडा. किंवा 'कंपनी फिटेड' वर टिचकी मारा. कंपनीतूनच सीएनजी घेऊन आलेल्या गाडीत किटची किंमत गाडीच्या किमतीतच धरलेली असते, त्यामुळे तुमच्या पन्नास हजारांना पॉलिसीत कुठेच जागा उरत नाही. एजंट "दादा, किट आहे का?" असं विचारेल, तेव्हा रेंज गेल्याचं सांगा.

आता फळ कसं मिळतं ते पाहा. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, ४,२०,००० आहे. मानपाड्याच्या पुलाखाली बॉनेटमधून धूर आला आणि अग्निशमन दल पोहोचेपर्यंत गाडी संपली. सीटा गेल्या, डॅशबोर्ड वितळला. डिकीत मात्र साठ लिटरचा सिलिंडर काळाठिक्कर होऊन तसाच बसलेला असतो. सर्व्हेअर पॉलिसी वाचतो, सिलिंडरकडे बघतो, पुन्हा पॉलिसी वाचतो. मग तुमच्याकडे किटचं बिल, आरसी आणि सिलिंडरच्या हायड्रो टेस्टचं, म्हणजे दाबाच्या तपासणीचं, प्रमाणपत्र मागतो. (ही टेस्ट दर तीन वर्षांनी असते, तीही टाळली असेल तर सोन्याहून पिवळं.)

महत्त्वाची माहिती लपवली म्हणून कंपनी पूर्ण क्लेम नाकारू शकते. आग वायरिंगमुळे लागली, किटमुळे नाही, असं तुम्ही ठाण्याच्या ग्राहक आयोगात सांगू शकता. तुमचं पटलं तर कापून-छाटून काही रक्कम मिळेलही, तारखा पुरवून पुरवून. किटचे पन्नास हजार मात्र तेव्हाही मिळणार नाहीत. ज्यावर हप्ताच भरला नाही, त्याची भरपाई कुठल्या खात्यातून देणार?

आग लागायलाच हवी असंही नाही. वाशीच्या टोलवर मागून कोणी ठोकलं तरी सर्व्हेअर डिकी उघडून फोटो काढतोच. सिलिंडरला हसायला सांगा.

तीस हजारांच्या म्युझिक सिस्टिमचं तंत्र जवळपास हेच. ती 'इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज'मध्ये किमतीसह दाखवली तर ४ टक्क्यांनी १,२०० रुपये आणि वर जीएसटी जातो, शिवाय बिल जपून ठेवावं लागतं. बिल नकोच, दुकानदार रोखीत दोन हजार कमी करतो. अलॉय व्हीलसाठी 'नॉन-इलेक्ट्रिकल' असा वेगळा रकाना असतो, तोही असाच कोरा ठेवा.

एका बाबतीत मात्र माझा सल्ला शंभर टक्के खरा ठरतो. अपघात, आग, चोरी यांतलं काहीच न होता बास वाढवताना ॲम्प्लिफायर आपोआप जळाला, तर तो विद्युत बिघाड. सिस्टिम पॉलिसीत दाखवली असती तरी त्याचे पैसे मिळाले नसते. तेव्हा आवाज बिनधास्त वाढवा.